तांबे–पितळ जोडातील सरकणाऱ्या तारा आणि पोकळ्या: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

पितळ आणि तांबे एकमेकांना घट्ट जोडून तापवले, तर पितळेतले जस्त तांब्याकडे ज्या वेगाने जाते त्यापेक्षा तांबे पितळेकडे कमी वेगाने येते. अ‍ॅलिस स्मिगेल्सकास आणि अर्नेस्ट कर्केंडॉल यांनी १९४७ मध्ये हे मॉलिब्डेनमच्या तारा वापरून दाखवले. पितळेच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंवर तारा ठेवून त्यांनी वरून तांब्याचा जाड थर चढवला आणि ती पट्टी ७८५ अंश सेल्सिअसला तापवत ठेवली. दोन बाजूंच्या तारा हळूहळू एकमेकींच्या जवळ आल्या. ५६ दिवसांनंतर प्रत्येक बाजूची तार सुमारे ०.१२४ मिलिमीटर आत सरकली होती.

आमच्या प्रयोगशाळेत हाच प्रयोग लहान प्रमाणावर करायचा आहे. तारांचे सरकणे आणि पितळेच्या बाजूला होणाऱ्या पोकळ्या या दोन्ही गोष्टी एकाच पट्टीत मोजायच्या आहेत. तापवण्याचा एकूण काळ ४, ९ आणि १६ दिवस असा ठरवला आहे, कारण सरकणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असेल तर मापांचे गुणोत्तर २ : ३ : ४ यावे आणि आकडेमोड न करताही विचलन नजरेत यावे.

तारा दोन्ही बाजूंवर का, याचा खुलासा आधीच करून ठेवतो. एकाच बाजूला तार असेल तर ती कशाच्या सापेक्ष सरकली हे सांगायला पट्टीत दुसरी स्थिर खूण लागते. ती खूण दूरच्या टोकाला घेतली, तर मधल्या धातूतले सगळे बदल त्या मापात मिसळतात. समोरासमोरच्या दोन तारांमधले अंतर मोजले की हा प्रश्नच उरत नाही.

९ जानेवारी

पितळ मिळवण्यात अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला. बाजारात सहज मिळणारा पितळी रॉड हा लेथवर कापायला सोपा जावा म्हणून शिसे घातलेला असतो आणि त्यात जस्तही जवळजवळ ४० टक्के असते. असे पितळ या कामाला निरुपयोगी आहे. ७८५ अंशाला त्यातले शिसे वितळलेले असते आणि जस्त जास्त असल्यामुळे त्यात दोन वेगवेगळ्या प्रावस्था असतात. आपल्याला एकच प्रावस्था असलेले ७०:३० पितळ हवे, आणि ते रॉडऐवजी पत्रा-पट्टीच्या दुकानात विचारावे. आम्ही ६ मिलिमीटर जाडीची पट्टी घेऊन १२० मिलिमीटर लांब आणि २० मिलिमीटर रुंद असे तुकडे केले. दोन्ही पृष्ठभाग सरफेस ग्राइंडरवर समांतर करून घेतले, कारण पुढे मोजायचे अंतर मिलिमीटरच्या शतांशात आहे आणि पट्टीची जाडीच कमी-जास्त असेल तर मोजण्याला काही अर्थ राहणार नाही.

तार मात्र फुकट मिळाली. वायरकट मशीनवर ०.१८ मिलिमीटर जाडीची मॉलिब्डेनमची तार वापरतात आणि रिळाच्या शेवटी उरलेले तुकडे टाकूनच दिले जातात. या तारेवर काळा थर असतो. तो बारीक पॉलिश पेपरने घासून, तार पांढरी-चकचकीत झाल्यावर अ‍ॅसिटोनने पुसून घेतली. हा थर ठेवला तर तांबे तारेला नीट बिलगत नाही. मॉलिब्डेनम निवडण्याचे कारण इतकेच की ते या तापमानाला तांब्यात किंवा जस्तात विरघळत नाही, त्यामुळे तार जिथे आहे तिथेच धातूबरोबर वाहत राहते.

१४ जानेवारी

प्रत्येक बाजूवर पाच तारा, पट्टीच्या लांबीला समांतर, टोकांच्या खाचांतून ताणून बांधल्या. लांबीला समांतर ठेवल्यामुळे पट्टीचा कोणताही आडवा काप घेतला तरी त्यात सर्व तारा दिसतात.

याच मापाची दुसरी पट्टी शुद्ध तांब्याची केली, तिच्यावरही तशाच तारा बांधल्या आणि तिला ‘साक्षी’ असे नाव दिले. तिच्यात जस्त नाही, म्हणून तारा सरकायला नकोत आणि पोकळ्याही व्हायला नकोत. साक्षीसाठी ऑक्सिजनविरहित तांबेच घ्यावे. विजेच्या कामाच्या साध्या तांब्यात थोडा ऑक्सिजन असतो. हायड्रोजनच्या संपर्कात ते तापले की आतल्या आत वाफ होऊन कणसीमांवर छिद्रे पडतात, आणि मग साक्षीची साक्षच खोटी ठरते.

दोन्ही पट्ट्या तांब्याचा थर चढवण्यासाठी प्लेटिंगच्या कारखान्यात दिल्या.

२९ जानेवारी

पट्ट्या परत आल्या. थर आरशासारखा गुळगुळीत आहे आणि जाडी सगळीकडे २.५ मिलिमीटरच्या आसपास आहे. दोन्ही पट्ट्या लोखंडी डबीत कोळशाच्या भुकटीत पुरून, झाकण फायरक्लेने लिंपून मफल भट्टीत ठेवल्या.

१ फेब्रुवारी

भट्टी तपासणीसाठी दोन दिवसांनीच उघडली आणि दोन्ही पट्ट्यांचा एकेक काप घेतला. पितळेच्या पट्टीतील तांब्याच्या थरात भरपूर छिद्रे आहेत. पहिल्या क्षणी हाच तो परिणाम असे वाटावे असेच चित्र होते. पण छिद्रे तांब्याच्या बाजूला आहेत, जोडापासून दूर बाहेरच्या कडेपर्यंत सारख्याच दाटीने पसरलेली आहेत, आणि मुख्य म्हणजे साक्षीच्या थरातही तितकीच आहेत. जिथे जस्ताचा कणही नाही तिथे छिद्रे पडली असतील, तर त्यांचा विसरणाच्या असमान वेगाशी संबंध नाही.

कारण प्लेटिंगच्या द्रावणात आहे. थर चकचकीत यावा म्हणून द्रावणात ब्राइटनर, म्हणजे सेंद्रिय पदार्थ घालतात, आणि त्यांचा अंश तांब्याबरोबर थरात अडकून राहतो. तापवल्यावर त्याचे वायू होतात किंवा त्याभोवती पोकळ्या धरतात. कारखान्याच्या दृष्टीने त्यांनी काम चोखच केले होते. आम्ही विचारले तेव्हा तिथले कारागीर म्हणाले, ‘‘सर, ब्राइटनर नसेल तर माल खरखरीत येतो, गिऱ्हाईक घेत नाही.’’ आपल्याला मात्र खरखरीतच हवा आहे. या दोन पट्ट्या बाद केल्या. साक्षीची पट्टी नसती, तर हीच छिद्रे आम्ही मोजून अहवालात घातली असती, म्हणून असा प्रयोग करणाऱ्याने तिचा खर्च वाचवू नये.

५ फेब्रुवारी ते १६ फेब्रुवारी

थर आता प्रयोगशाळेतच चढवत आहोत. लिटरमागे २०० ग्रॅम कॉपर सल्फेट आणि ५० ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल, ऊर्ध्वपातित पाणी, तांब्याचा अ‍ॅनोड कापडी पिशवीत, आणि बाकी काहीही नाही. पट्टीचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ०.६५ चौरस डेसिमीटर भरते. प्रत्येक चौरस डेसिमीटरला २ अँपिअर या हिशेबाने १.३ अँपिअर प्रवाह ठेवला. या प्रवाहाला थर तासाला जवळपास २६ मायक्रॉन वाढतो, म्हणजे २.५ मिलिमीटरसाठी सुमारे ९५ तास लागतात. घाई करून प्रवाह वाढवला की कडांवर गाठी येतात. तरीही गाठी आल्याच. मध्ये पट्टी बाहेर काढून कडा कानशीने घासल्या, सौम्य आम्लात बुडवून धुतल्या आणि पुन्हा लावल्या.

पट्टी द्रावणात सोडताना प्रवाह आधीच चालू असावा, नाहीतर आम्ल पितळेच्या पृष्ठभागातले जस्त खाऊ लागते आणि थर नीट चिकटत नाही. चिकटला की नाही हे पाहायला एका टाकाऊ तुकड्यावर तासभर थर चढवून तो २५० अंशाला तापवला आणि पाण्यात टाकला. फोड आले नाहीत.

थर पूर्ण झाल्यावर पट्ट्या १५० अंशाला रात्रभर ठेवून आतली ओल आणि हायड्रोजन घालवला. त्यानंतर दोन्ही टोकांचे एकेक काप न तापवता बाजूला ठेवले. मूळ अंतर याच कापांवरून कळते, पट्टीची जाडी अधिक तारेची जाडी या हिशेबावरून नव्हे, कारण थर चढताना काही तारा पितळेपासून २० ते ३० मायक्रॉन उचलल्या गेलेल्या दिसतात.

या न तापवलेल्या कापात आणखी एक गोष्ट दिसली. गोल तार सपाट पितळेवर टेकते तिथे तिच्या दोन्ही कुशींत निमुळत्या फटी राहतात, कारण त्या कोपऱ्यात द्रावण पोहोचत नाही. या फटी तापवण्यापूर्वीपासूनच आहेत. पुढे पोकळ्या मोजताना तारेपासून तारेच्या जाडीइतक्या अंतरात जे काही दिसेल ते मोजायचे नाही, असे ठरवून टाकले.

१९ फेब्रुवारी

दोन्ही पट्ट्या पुन्हा कोळशाच्या भुकटीत भट्टीत गेल्या. भट्टीचा स्वतःचा थर्मोकपल मागच्या भिंतीजवळ आहे, म्हणून डबीच्या झाकणातून के-प्रकारचा दुसरा थर्मोकपल थेट पट्टीशेजारी सोडला. पॅनेलवर ७८५ दिसत असताना डबीत ७७२ होते. एवढा फरक पोटात घालण्यासारखा नाही. या तापमानाच्या आसपास १० अंश कमी झाले की विसरणाचा वेग जवळजवळ पाचव्या हिश्श्याने घटतो आणि तारेचे सरकणे एक-दशांशाने. पॅनेलवरचा आकडा वाढवून डबीत ७८५ आणले.

२१ फेब्रुवारी

रात्री वीज गेली आणि डबी ५५० अंशांपर्यंत उतरली. त्या तापमानाला विसरण नगण्य असते, त्यामुळे ७७५ च्या खाली गेलेला काळ मोजणीतून वगळला आणि तितकाच वेळ शेवटी वाढवला. नोंदी ठेवणारा लॉगर नसता तर हा हिशेब अंदाजानेच करावा लागला असता.

२४ फेब्रुवारी

४ दिवस पूर्ण झाले. पट्टीच्या टोकाचा ५ मिलिमीटर भाग टाकून दिला आणि त्यानंतरचा काप घेतला. टोकाला पितळ उघडे असते, त्यातून जस्ताची वाफ निघून जाते, आणि जस्त गेलेल्या जागी पोकळ्या पडतात. या पोकळ्या दिसायला हुबेहूब आपण शोधत असलेल्या पोकळ्यांसारख्या असतात. कारणही एका अर्थी तेच असते, फक्त जस्त तांब्याऐवजी हवेत गेलेले असते. म्हणून दर वेळी उघडे टोक टाकायचे. कापलेला भाग फुकट जातो हे खरे, पण १२० मिलिमीटरची पट्टी त्याच हिशेबाने घेतली आहे.

काप काटकोनात असणे किती महत्त्वाचे आहे ते मोजताना समजले. पृष्ठभागाशी काप ५ अंशांनी तिरका गेला तर ६ मिलिमीटरचे अंतर सुमारे २३ मायक्रॉन जास्त दिसते, आणि आपल्याला शोधायचा बदल ६० मायक्रॉनच्या घरातला आहे. तारेच्या गोलाकारावरून हा तिरकेपणा ओळखता येत नाही, कारण १८० मायक्रॉनच्या वर्तुळात तो एका मायक्रॉनहूनही कमी फरक पाडतो. म्हणून पट्टी कापण्यासाठी साधा जिग बनवला, माउंट करण्यापूर्वी काप गुण्याला लावून पाहिला, आणि माउंट केल्यावर पुन्हा पाहिला.

समोरासमोरच्या पाच जोड्यांमधले अंतर मूळच्यापेक्षा सरासरी ६१ मायक्रॉनने कमी झाले आहे, म्हणजे प्रत्येक बाजूची तार सुमारे ३० मायक्रॉन आत सरकली. साक्षीच्या पट्टीतला बदल ६ मायक्रॉनच्या आत आहे, आणि तोही काही जोड्यांत जास्त तर काहींत कमी. मोजण्याची अनिश्चितता यावरूनच ठरते.

साक्षीच्या थरात या वेळी छिद्रे नाहीत. ब्राइटनरबद्दलचा तर्क बरोबर होता.

२ मार्च

पितळेच्या बाजूला पोकळ्या शोधण्यात पूर्ण आठवडा गेला. पहिल्या पॉलिशमध्ये एकही दिसली नाही. धातू मऊ असल्याने पॉलिश करताना तो पसरतो आणि लहान पोकळ्यांची तोंडे बुजवून टाकतो. अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने हलके एचिंग करायचे, पुन्हा थोडे पॉलिश करायचे, आणि हे आलटून-पालटून चालू ठेवायचे. तिसऱ्या फेरीनंतर तारांच्या रेषेच्या आत, पितळेत, दोन-तीन मायक्रॉनचे काळे ठिपके उमटू लागले.

ठिपका दिसला म्हणजे पोकळी सापडली असे नाही. पॉलिशमध्ये उपटलेल्या कणाचा खड्डाही तसाच दिसतो. त्याची ओळख अशी की त्याला पॉलिशच्या दिशेने धूमकेतूसारखे शेपूट असते, आणि नमुना ९० अंशांत फिरवून पुन्हा पॉलिश केला की शेपूट नव्या दिशेला वळते. खरी पोकळी असेल तर पृष्ठभाग आणखी २० मायक्रॉन घासून खाली गेल्यावरही त्याच पट्ट्यात तितक्याच दाटीने पोकळ्या सापडतात. आमच्या नमुन्यात त्या तशा सापडल्या. तांब्याच्या बाजूला मात्र काहीच नाही.

पोकळ्या पितळेच्याच बाजूला का, याचे उत्तर तारा ज्या दिशेने सरकतात त्यातच आहे. पितळेतून जस्ताचे जितके अणू बाहेर पडतात तितके तांब्याचे अणू आत येत नाहीत, त्यामुळे तिथे रिकाम्या अणुस्थानांची भर पडत राहते. ही स्थाने स्फटिकातल्या दोषांवर जिरून गेली तर तेवढे थर नाहीसे होतात, धातू आक्रसतो आणि तारा जवळ येतात. जी जिरत नाहीत ती एकत्र येऊन पोकळी होतात. तेव्हा सरकणे आणि पोकळ्या हे त्याच तुटीचे दोन मार्ग आहेत, आणि एकाकडे जास्त गेले की दुसऱ्याला कमी मिळते.

२५ मार्च

१६ दिवसांचा कापही मोजून झाला. दोन्ही बाजू मिळून अंतर किती कमी झाले ते असे: ४ दिवसांनी ६१, ९ दिवसांनी ८८ आणि १६ दिवसांनी ११६ मायक्रॉन. वर्गमुळाच्या नियमाने ६१ नंतर ९१ आणि १२२ यायला हवे होते. घट थोडी आहे, मोजण्याच्या अनिश्चिततेत बसेल इतकीच, पण ती दोन्ही वेळा एकाच दिशेने आहे.

८ एप्रिल

१६ दिवसांच्या कापावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जस्ताचे प्रमाण रेषेवर मोजून घेतले. बाहेरच्या संस्थेत तासावर भाडे असल्याने संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत मोठा खर्च हाच झाला. आधी नमुन्यावर रेषा आखून आणि मोजायच्या जागा ठरवून गेलो, त्यामुळे एका बैठकीत काम उरकले. तारांच्या रेषेवर जस्त अणूंच्या हिशेबाने २२ टक्क्यांच्या जवळपास आहे आणि तिथे दर ०.१ मिलिमीटरला सुमारे ०.८ टक्क्याने उतरते.

आता हिशेब. सरकणे वर्गमुळाच्या नियमाने असेल तर त्या क्षणीचा वेग असा मिळतो, आणि १९४८ मध्ये डार्कनने दिलेल्या संबंधाने तो दोन वेगांच्या फरकाशी जोडता येतो. इथे x म्हणजे एका बाजूच्या तारेचे सरकणे, t म्हणजे काळ, v म्हणजे तारेचा वेग, dN/dx म्हणजे जस्ताच्या प्रमाणाचा उतार आणि D म्हणजे त्या त्या धातूच्या विसरणाचा गुणांक:

```
v = x / (2t)
v = (D_Zn − D_Cu) · dN/dx

x = 5.8e-3 cm,  t = 1.38e6 s   →  v = 2.1e-9 cm/s
dN/dx = 0.8 per cm             →  D_Zn − D_Cu = 2.6e-9 cm²/s
```

डार्कनने मूळ प्रयोगाच्या आकड्यांवरून याच तापमानाला जस्तासाठी 5.1e-9 आणि तांब्यासाठी 2.2e-9 काढले होते, म्हणजे फरक 2.9e-9. आमचे उत्तर त्यापेक्षा एक-दशांशाने कमी आहे. या एका मापातून फक्त फरक मिळतो. दोन्ही वेग वेगवेगळे काढायचे तर रेषेवरच्या जस्ताच्या मापांतून एकत्रित विसरणाचा गुणांकही काढावा लागेल, आणि जस्ताबरोबर तो बराच बदलत असल्यामुळे सरळ सूत्रात न बसवता आलेखावरून काढावा लागेल.

१२ एप्रिल

कमी पडलेला दशांश पोकळ्यांत सापडतो का, ते पाहिले. १६ दिवसांच्या कापात पोकळ्यांचा पट्टा तारांपासून आत साधारण अर्धा मिलिमीटर रुंद आहे आणि त्यातल्या मोठ्या पोकळ्या आता १० मायक्रॉनच्या आहेत. छायाचित्रांवर जाळी टाकून मोजल्यावर त्या पट्ट्यात पोकळ्यांचे क्षेत्र १ टक्क्याच्या आसपास भरते. अर्ध्या मिलिमीटरचा १ टक्का म्हणजे ५ मायक्रॉन जाडीचा धातू. पोकळ्या झाल्या नसत्या आणि तेवढी तूटही आक्रसण्यात गेली असती, तर प्रत्येक बाजूची तार ५८ ऐवजी सुमारे ६३ मायक्रॉन सरकली असती. हा आकडा पहिल्या ४ दिवसांच्या मापावरून वर्गमुळाने येणाऱ्या ६१ च्याही जवळ आहे आणि मूळ प्रयोगाच्या आकड्यांवरून १६ दिवसांसाठी येणाऱ्या ६६ च्याही.

तरीही तूट सगळी पोकळ्यांमुळेच आहे असे लिहिता येणार नाही. डबीतले तापमान सरासरी ५ अंशांनी कमी राहिले असेल तरी सरकण्यात तेवढीच घट येते, आणि आमचा थर्मोकपल १६ दिवसांच्या शेवटी पुन्हा पारखून घेतलेला नव्हता. पुढच्या पट्टीच्या वेळी तो सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा पारखायचा. शिवाय तीच पट्टी मधोमध कापून दोन भाग करायचे, उघडे कापलेले टोक तांब्याने झाकायचे, आणि एक भाग जाड पोलादी पट्ट्यांमध्ये बोल्टने आवळून तापवायचा. दाबाखाली पोकळ्या कमी होतात. आवळलेल्या भागात पोकळ्या कमी आणि तारांचे सरकणे जास्त दिसले, तर दोन्ही भाग एकाच डबीत असल्यामुळे तापमानाचा प्रश्न आपोआप बाजूला पडेल.